चुकीचं प्रमाण सांगितलेला व्हिडिओ पुन्हा चढवायचाय, जुन्या लिंकचं काय करू?

पोफळीवाला
नमस्कार मंडळी. यूट्यूबवर माझं सुपारी-नारळाच्या बागेचं छोटं चॅनल आहे, ८२० सबस्क्रायबर. सुपारीवर नऊ भागांची मालिका केली. चौथा भाग कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण कसं करायचं यावर आहे, लांबी १४:२०. त्यात ६:१२ ला मी बोललोय, "एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी." पडद्यावरही तेच लिहिलंय. हवं होतं शंभर लिटर. एक टक्क्याचं फवारणीचं मिश्रण सांगता सांगता दहा टक्क्यांची पेस्ट सांगून मोकळा झालो. हे कोणी पोफळीवर फवारलं तर पानं आणि कोवळी फळं करपतील.

काल एका दर्शकाने चूक दाखवली तोवर १९ हजार लोकांनी व्हिडिओ पाहिला होता. मे संपत आलाय, पहिली फवारणी पाऊस लागायच्या आत होते, म्हणजे लोक आत्ताच हा व्हिडिओ शोधणार. तेवढा तुकडा नव्याने चित्रित करून दुरुस्त फाइल तयार केली आहे, १४:२७ ची.

आता प्रश्न. जुना व्हिडिओ काढून टाकू का? नव्याला तेच शीर्षक देऊ का? आणि व्हॉट्सॅपवर गावोगाव गेलेल्या जुन्या लिंकवरून माणसं नव्यावर आणायची कशी? जाणकारांनी सांगावं.

झटपट_गण्या
सोपं आहे हो. जुना डिलीट मारा, नवा त्याच शीर्षकाने, त्याच वर्णनाने आणि तेच टॅग टाकून चढवा. सगळं सारखं असलं की यूट्यूबला कळतं की हा तोच व्हिडिओ आहे, दोन दिवसांत शोधात परत वर येतो. टॅग मात्र एकही चुकवू नका, सगळी जादू तिथेच असते.

निवृत्त_मास्तर
माझ्याही व्हिडिओवर असाच दावा आला होता, पार्श्वसंगीतामुळे. मी ते संगीत काढून टाकलं आणि दावा गेला. तुम्हालाही तसंच करता येईल.

पोफळीवाला
मास्तर, माझ्यावर कुणाचा दावा आलेला नाही. चूक माझी मीच केली आहे. :)

कात्रीवाली
पोफळीवाले, काहीही डिलीट करू नका. गण्याभाऊंचं निम्मं बरोबर आहे, पण उरलेलं निम्मं महागात पडेल.

यूट्यूबवर त्याच लिंकवर फाइल बदलता येत नाही. नवी फाइल चढवली की नवी लिंक मिळते. व्ह्यूज, लाइक, प्रतिक्रिया सगळं शून्यापासून सुरू होतं. शीर्षक आणि टॅग तंतोतंत सारखे ठेवले तरी यूट्यूब दोन व्हिडिओंचं नातं जोडत नाही. जुन्याची पुण्याई नव्याला मिळत नाही. टॅगबद्दल तर यूट्यूब स्वतःच सांगतं की शोधात त्यांचा वाटा फार थोडा असतो, लोक ज्या शब्दांचं स्पेलिंग चुकवतात तिथे त्यांचा उपयोग. म्हणजे बोर्डो, बोरडो, बोर्डेक्स एवढं टाका आणि पुढे चला.

डिलीट केलात तर व्हॉट्सॅपवरच्या प्रत्येक लिंकवर माणसाला "व्हिडिओ उपलब्ध नाही" एवढंच दिसेल. तो म्हणेल, बरं, आपल्याला आठवतंय की दहा लिटर, आणि जाऊन फवारेल. जुनी लिंक हाच त्या माणसापर्यंत पोचायचा तुमच्याकडे उरलेला रस्ता आहे, तो बंद करू नका. प्रायव्हेट केलंत तरी तेच होतं.

पण चुकीचं वाक्य एक दिवसही राहायला नको. म्हणून नवी फाइल चढवायच्या आधी जुन्यातच कात्री लावा. स्टुडिओच्या एडिटरमध्ये व्हिडिओचा मधला तुकडा कापता येतो, आणि कापल्यावर लिंक, व्ह्यूज, प्रतिक्रिया जागच्या जागी राहतात. चुकीचा भाग कुठून कुठपर्यंत आहे?

पोफळीवाला
६:१२ ते ६:३१. एकोणीस सेकंद.

कात्रीवाली
मग तेवढेच कापा. एडिटरमध्ये धूसर करायचीही सोय आहे, तिने पडद्यावरचा आकडा झाकता येईल, पण तुम्ही तो बोललाही आहात, त्यामुळे इथे ती पुरणार नाही. स्वतःचा नवा आवाज किंवा नवी पाटी तिथे घालता येत नाही, संगीत तेवढं त्यांच्या संग्रहातलं मिळतं. म्हणून कापणं.

कापून सेव्ह केल्यावर प्रक्रिया चालू असते, कधी काही तास, आणि तोवर लोकांना जुनंच दिसतं. त्या मधल्या वेळासाठी वर्णनात हे घाला:

```
Corrections:
6:12 दहा लिटर नव्हे, १०० लिटर पाणी
```

पहिली ओळ इंग्रजीतच हवी, वर्णन मराठी असलं तरी. धड्यांच्या वेळा दिल्या असतील तर हे त्यांच्या खाली टाका. मग व्हिडिओ चालू असताना त्या वेळेला कोपऱ्यात दुरुस्तीची चिठ्ठी दिसते. कापणं पूर्ण झालं की ही ओळ काढून टाका. नाहीतर ६:१२ ला भलताच विषय चालू असेल आणि वर चिठ्ठी दहा लिटरची.

लाखाचे_तीस
कापण्यावर जास्त भरवसा ठेवू नका. माझा एक व्हिडिओ १ लाख ३० हजारांवर गेला होता. त्यात तारीख चुकली होती, ती कापायला गेलो तर सेव्हच होईना. अर्धा दिवस ब्राउझर बदलत बसलो.

कात्रीवाली
बरोबर, तो नियमच आहे. एक लाख व्ह्यूजच्या वर गेलेल्या व्हिडिओत चेहरे धूसर करण्यापलीकडे बदल सेव्ह होतीलच असं नाही. पार्टनर प्रोग्रॅममधल्या चॅनलना ही अट लागू नाही. तुम्ही त्यात नसणार.

लाखाचे_तीस
तेव्हा नव्हतो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आवाजवेडा
जरा वेगळा अनुभव. मी पॉडकास्ट करतो. एका भागात पाहुण्यांचं गाव चुकीचं सांगितलं गेलं. फीडमधल्या त्या भागाची ओळख तीच ठेवली आणि फक्त ध्वनिफाइल बदलली, काम झालं. पण ज्यांच्या फोनवर भाग आधीच उतरला होता त्यांच्याकडे जुनाच राहिला. व्हीमिओवरही फाइल बदलून लिंक तीच ठेवता येते. यूट्यूबला कसली अडचण आहे कळत नाही.

झटपट_गण्या
अडचण म्हणजे लोक मांजराच्या व्हिडिओवर दहा लाख व्ह्यूज जमवतील आणि नंतर त्याच लिंकवर तेलाची जाहिरात टाकतील. मी तरी टाकली असती.

पोफळीवाला
ताई, सकाळी कापून सेव्ह केलं, दुपारी पाहिलं तर झालं होतं. जुना आता १४:०१ चा आहे. पण आता त्यात प्रमाणच नाही, मोरचूद कशात भिजवायचं यावरून एकदम चुना गाळण्यावर उडी आहे. तेव्हा नवा चढवावाच लागेल. चढवताना `Reuse details` चं बटण दिसतं, ते दाबलं की जुन्याचं सगळं आपोआप भरलं जातं. हेच करू ना?

कात्रीवाली
करा, पण भरलेलं सगळं वाचूनच पुढे जा. त्या बटणाने जुन्यातली घाणही जशीच्या तशी येते. दुरुस्तीची ओळ काढली नसेल तर तीही येईल, आणि नवा, बरोबर असलेला व्हिडिओ स्वतःलाच चूक म्हणत बसेल. जुन्याच्या शीर्षकात "जुना" वगैरे घालणार असाल तर ते नवा चढवून झाल्यावर.

दुसरं, धड्यांच्या वेळा. वर्णनातल्या वेळा म्हणजे साधा मजकूर, व्हिडिओ कापला किंवा वाढला तरी त्या आपोआप सरकत नाहीत. तुमचा एकोणीस सेकंदांचा तुकडा नव्यात सव्वीसचा झालाय, म्हणजे ६:३१ नंतरची प्रत्येक वेळ नव्यात सात सेकंदांनी पुढे जाईल आणि कापलेल्या जुन्यात एकोणीस सेकंदांनी मागे येईल. पूर्वी ७:०५ ला काय होतं?

पोफळीवाला
सुरीची चाचणी. लोखंडी सुरी मिश्रणात बुडवायची, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

कात्रीवाली
मग सुरी नव्यात ७:१२ ला आणि जुन्यात ६:४६ ला. सबटायटल्स स्वतः टाइप केली होती का? केली असतील तर जुन्यातून `.srt` उतरवून घ्या, त्या एका वाक्यात १०० लिटर करा आणि त्या तुकड्यानंतरच्या, म्हणजे मूळ ६:३१ च्या पुढच्या सगळ्या ओळी सात सेकंद सरकवा. सबटायटल एडिट नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ते एका झटक्यात होतं. आकडा दुरुस्त करायला मात्र विसरू नका. आवाज बरोबर आणि खालच्या ओळीत अजून दहा लिटर, असं मी एका ग्राहकाच्या व्हिडिओत करून ठेवलं होतं. ते सापडायला आठवडा गेला.

पोफळीवाला
बापरे, हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. सबटायटल्स मुलीने टाइप केली आहेत, आज बसवतो तिला. शीर्षक काय देऊ?

कात्रीवाली
लोक शोधताना जे टाइप करतात ते पुढे ठेवा, दुरुस्तीचा उल्लेख मागे. "सुपारी कोळे रोग: १% बोर्डो मिश्रण कसं करावं (दुरुस्त प्रमाण)". "माफी असावी" किंवा "दुरुस्त" याने सुरुवात केली तर फोनवर शीर्षक अर्ध्यात तुटतं आणि विषय कळतच नाही. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी न उघडता दिसतात, तिथे सरळ लिहा की आधीच्या व्हिडिओत दहा लिटर सांगितलं होतं, ते चूक, शंभर लिटर बरोबर. कुणाला दोष नको, कहाणीही नको.

जुन्याचं शीर्षक बदलताना मूळ शब्द राहू द्या. अजून काही दिवस शोधात तोच वर येणार आहे, नवा नाही. तो वर येतोय तर त्यालाच दिशादर्शक पाटी बनवा: "सुपारी कोळे रोग, बोर्डो मिश्रण (जुना, प्रमाण नव्या व्हिडिओत)". वर्णनाची पहिली ओळ नवी लिंक. तीच लिंक प्रतिक्रियेत लिहून पिन करा. पिन एकच राहते, आधीची आपोआप सुटेल.

कोकणकडा
पण ताई, वर्णन वाचतो कोण? माझ्या ब्लॉगवर पोफळीवाल्यांचाच हा व्हिडिओ लावलाय. तिथे ना वर्णन दिसत, ना पिन केलेली प्रतिक्रिया.

कात्रीवाली
बरं झालं बोललात. ब्लॉगवरच्या वाचकासाठी व्हिडिओच्या आतली कार्डंच कामाची. एका व्हिडिओत पाच कार्डं लावता येतात. पोफळीवाले, एक कार्ड बरोबर कापलेल्या जागी लावा, ६:१० च्या आसपास, नव्या व्हिडिओकडे नेणारं. तिथे माणसाला काहीतरी गेल्यासारखं वाटतंच, तेव्हाच कार्ड दिसलं तर दाबतो. शेवटच्या वीस सेकंदांतल्या एंड स्क्रीनवरही नवाच ठेवा, पण शेवटापर्यंत राहतात किती जण? आणि कोकणकडा, तुम्ही ब्लॉगवरची लिंकच बदला हो, ते तर तुमच्या हातात आहे.

कोकणकडा
बदलली. खाली एक ओळही टाकली.

बागेतली_माई
मी मधेच घुसते. तुमचा हा व्हिडिओ मला आमच्या गटात आला होता. मी काल एक किलो आणि दहा लिटर असं कालवून ठेवलंय, सांजच्याला फवारायचं म्हणून. आता त्यात नव्वद लिटर पाणी ओतू का?

पोफळीवाला
माई, थांबा! फवारू नका आणि पाणीही वाढवू नका. बोर्डो नंतर पाणी घालून पातळ केलं की नीट होत नाही. आणि ते करायचं त्याच दिवशी वापरायचं असतं, त्यामुळे कालचं आता धरूच नका. फवारणीसाठी नव्याने करा: एका पिंपात ५० लिटर पाण्यात मोरचूद, दुसऱ्यात ५० लिटरमध्ये चुना, आणि दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात. पिंपं प्लास्टिकची, लोखंडी नकोत. सुरीची चाचणी करा. दहा लिटरची ताजी पेस्ट करायची ती झाडाच्या छाटलेल्या, जखमी जागी लावायला. तुमचं मोरचूद माझ्यामुळे फुकट गेलं, माफ करा.

व्हिडिओ लिंकवरून पाहिलात का? काल सकाळीच कापला होता हो मी.

बागेतली_माई
लिंक कसली? आख्खा व्हिडिओच आलाय गटात, फोनवर उतरवलेला. तो मी परवाच पाहिला.

कात्रीवाली
हे मात्र आपल्या हाताबाहेरचं. उतरवलेल्या फाइलला कात्रीही लागत नाही, कार्डही नाही. लिंकचंही एक सांगायचं राहिलं होतं: व्हॉट्सॅपमधली लिंकखालची पाटी पाठवताना घेतलेली असते. तुम्ही आता शीर्षक आणि चित्र बदललंत तरी पूर्वी पाठवलेल्या संदेशात जुनंच दिसत राहील. दाबल्यावर कापलेला व्हिडिओ उघडेल, एवढंच समाधान. आणि कुणी `t=372` जोडून, म्हणजे नेमकी ६:१२ ची लिंक पाठवली असेल तर तो माणूस कापलेल्या जागेच्या पुढे जाऊन पडेल, ६:१० चं कार्ड त्याला कदाचित दिसणारच नाही. म्हणून दुसरं कार्ड ६:३० ला लावा.

पोफळीवाला
लावलं. माईंच्या गटासाठी एक साधं चित्र करतोय, "१०० लिटर" मोठ्या अक्षरांत, खाली नवी लिंक. ज्या ज्या गटांत मी आहे तिथे टाकतो, पुढचं लोकांच्या हाती.

नवा आता चढवलाय, अजून पब्लिक केला नाही. `Publish to subscriptions feed and notify subscribers` ची खूण ठेवू की काढू? आधी कुठेतरी वाचलं होतं की पुन्हा चढवताना काढावी.

झटपट_गण्या
काढा. लोक म्हणतील, तोच व्हिडिओ परत कशाला, आणि अनसबस्क्राइब करतील.

कात्रीवाली
रंग फिका होता, आवाज बारीक होता म्हणून पुन्हा चढवत असता तर गण्याभाऊंचं ऐकलं असतं. इथे चुकीचं प्रमाण ज्यांनी ऐकलं त्यांत हे ८२० आधी येतात. खूण ठेवा. चारदोन जण गेले तर गेले.

मालिकेच्या प्लेलिस्टमध्ये नवा चौथ्या जागी ओढा आणि जुना तिथून काढा. आणि बाकीच्या आठ भागांच्या एंड स्क्रीन आणि कार्डं तपासा. तिसऱ्या भागाच्या शेवटी "पुढचा भाग" म्हणून जुनाच जोडलेला असणार, तो आपोआप बदलत नाही.

पोफळीवाला
तिसऱ्यात, पाचव्यात आणि नवव्यात होता. बदलला. आता शेवटचा प्रश्न. जुना अनलिस्टेड करू का? म्हणजे लिंक चालेल पण शोधात येणार नाही. घरचे म्हणतात नको, कारण चॅनलचे ३,१०० तास झालेत आणि त्यातले सुमारे १,६०० या एकाच व्हिडिओचे.

कात्रीवाली
घरचे बरोबर आहेत. पार्टनर प्रोग्रॅमच्या ४,००० तासांच्या अटीत फक्त पब्लिक व्हिडिओंचे पाहिलेले तास धरतात, तेही गेल्या ३६५ दिवसांतले. अनलिस्टेड केलात की हे १,६०० त्या मोजणीतून जातात. डिलीट केलं असतंत तरी गेलेच असते.

चूक कापली आहे, त्यामुळे जुना पब्लिक ठेवण्यात आता धोका नाही. मी असते तर नव्याच्या ॲनालिटिक्समध्ये रहदारी कुठून येते ते रोज पाहिलं असतं. सुरुवातीला बहुतेक माणसं जुन्याच्या कार्डांवरून येतील. यूट्यूबच्या शोधातून थेट नव्यावर येणारे जुन्यापेक्षा जास्त झाले की मग जुना अनलिस्टेड करायचा.

लाखाचे_तीस
मला पटत नाही. अर्धवट व्हिडिओ शोधात ठेवणं म्हणजे लोकांचा वेळ घालवणं. तासांसाठी ठेवताय असं सरळ म्हणा.

पोफळीवाला
तासांसाठीही ठेवतोय, नाकारत नाही. पण आत्ता शोधात जुनाच पहिला येतोय आणि नवा पहिल्या पानावरही नाही. जुना काढला तर वर येईल तो दुसऱ्याच कुणाचा व्हिडिओ. त्यात काय प्रमाण सांगितलंय ते मी पाहिलं नाही.

लाखाचे_तीस
पाहून घ्या एकदा.

पोफळीवाला
पाहिला. त्यात शंभर लिटरच आहे, पण सुरीची चाचणी नाही. जुना पावसाळाभर ठेवतो. पहिल्या दोन दिवसांचे आकडे: जुन्यावर ६१० व्ह्यूज, त्यातून कार्ड दाबून नव्यावर ७४. बाकीच्यांनी वर्णनातली लिंक घेतली की तसेच निघून गेले, काही कळायला मार्ग नाही.

बागेतली_माई
तुमचं ते चित्र आमच्या गटात आलं. माझ्या आधी तिघांनी टाकलं होतं. तरी खाली एकाने तोच जुना व्हिडिओ परत टाकला, आख्खा.